पाकिटाची मागची बाजू

लातूर-परभणीकडच्या टेलरच्या मोबाइलवर अधूनमधून एक फोटो येतो: परदेशी पॅटर्नचं पाकीट, खाली एकच प्रश्न, "कापड किती आणू?" पाकिटाच्या पुढच्या बाजूवर फ्रॉक घातलेली बाई असते आणि सगळ्यांचं लक्ष तिच्यावरच. कामाचं जे काही आहे ते मागे, मुंगीच्या अक्षरांत.

तिथला तक्ता वाचताना आधी पन्हा पाहायचा. समजा साइज १४, म्हणजे बहुतेक अमेरिकन पॅटर्नमध्ये छाती ३६ इंच. ४५ इंची पन्ह्याखाली ३ ३/८ लिहिलंय. हे यार्ड आहेत. एक यार्ड म्हणजे ९१.४४ सेंटिमीटर, म्हणून कापड लागेल ३.०९ मीटर. फोटो तिरका किंवा हललेला असला की ३/८ चे ५/८ वाचले जातात आणि २३ सेंटिमीटर कापड जादा येतं. उलट वाचलं तर तेवढंच कमी पडतं, आणि ते जास्त वाईट.

दुकानात मिळालं ३६ पन्ह्याचं खादी, तर? हिशेबानं ३.८६ मीटर येतं, पण निव्वळ हिशेबावर विसंबू नये. ३६ ची घडी घातली की रुंदी १८ इंच उरते. घेराचा तुकडा २० इंचाचा असेल तर चार काय, सहा मीटर आणलं तरी तो घडीवर बसणार नाही. म्हणून सगळ्यात रुंद तुकडा आधी मोजावा. हिमरूसारखं एका दिशेच्या बुट्ट्यांचं कापड असेल तर तक्त्यातली 'विथ नॅप'ची ओळ धरावी. त्यात सगळे तुकडे एकाच दिशेनं मांडतात, म्हणून कापड बहुधा जास्त लागतं. मखमलीलाही हेच लागू.

तुकड्यांवरच्या खुणा त्या मानानं सोप्या. दोन्ही टोकांना बाण असलेली सरळ रेघ काठाला समांतर ठेवायची. दोन्ही टोकांकडून काठापर्यंतचं अंतर टेपनं मोजायचं, नजरेवर सोडायचं नाही. रेघ तिरकी पडली की कपडा धुतल्यावर एका बाजूला वळतो. टोकं काटकोनात वाकलेला बाण दिसला तर ती कड घडीवर, तिथं कात्री लावायचीच नाही. मुंढ्यावरचा एक त्रिकोण बहुधा पुढचा भाग सांगतो, दोन त्रिकोण मागचा. बाही उलटी बसते ती हे न पाहिल्यामुळे.

खरी फसगत मायेत होते. अशा पॅटर्नमध्ये बहुतेकदा ५/८ इंच माया आधीच धरलेली असते. आपल्याकडचा हात सवयीनं बाहेरून अर्धा इंच सोडतो आणि अर्ध्यावरच शिवतो. मग शिवण मूळ जागेपासून ५/८ इंच बाहेर जाते. दोन बगलांच्या चार कडा मिळून कपडा अडीच इंच ढगळ होतो. दोष मात्र मापाला दिला जातो. काही युरोपीय पॅटर्नमध्ये मायाच धरलेली नसते, तिथं ती सोडावी लागते. सूचनांच्या कागदावर हे लिहिलेलं असतं, म्हणून पाकिटाबरोबर त्याचाही फोटो मागवावा. तुकड्यांचा फोटो मोठा करून त्यावरून कापायच्या भानगडीत मात्र पडू नये. कॅमेऱ्यात कडा वाकतात आणि माप जातं.