वाशी ते महाबळेश्वर, आंबेनळी घाटातून: उलटीची गोळी नेमकी कधी घ्यायची

वाशीहून महाबळेश्वरला पोलादपूरमार्गे जाताना गाडी लागण्याचा खरा प्रश्न शेवटच्या चाळीसेक किलोमीटरचा आहे. पनवेल, पेण, वडखळ, माणगाव, महाड हा रस्ता बहुतेकांना सोसतो. पोलादपूरला डावीकडे वळून आंबेनळी घाट सुरू झाला की पोटात ढवळायला लागतं. आणि नेमकी हीच गोष्ट विसरून लोक पहाटे घरातून निघतानाच उलटीची गोळी घेतात. पुढे काय होतं, ते वेळेच्या हिशोबासकट इथे लिहिलं आहे.

गाडी टेम्पो ट्रॅव्हलर, माणसं तेरा, त्यात तीन मुलं आणि दोन आजी-आजोबा. वाशी सोडलं साडेपाचला. वडखळला सात वाजता नाश्ता, माणगावला नऊ वाजता चहा, महाड दहा, पोलादपूर साडेदहा आणि महाबळेश्वर बाराच्या सुमारास. महामार्गाचं काम जिथे रखडलेलं असेल तिथे यात अर्धा-पाऊण तास सहज वाढतो, म्हणून गोळीची वेळ घड्याळावर न ठरवता गावावर ठरवावी.

सोबत डायमेनहायड्रिनेटच्या 50 मिलिग्रॅमच्या गोळ्या होत्या. पाकिटावर हे नाव आहे का, हे वाचूनच घ्या. दुकानात 'उलटीची गोळी द्या' म्हटलं की बऱ्याचदा प्रोमेथाझिनची गोळी हातात पडते. गाडी लागण्यावर तीही चालते, पण तिचा डोस वेगळा, ती जास्त आधी घ्यावी लागते आणि तिची गुंगी अधिक वेळ रेंगाळते. घरात उरलेली ऑन्डान्सेट्रॉनची गोळी मात्र इथे जवळजवळ निरुपयोगी आहे. पोट बिघडून होणाऱ्या उलट्यांवर ती उत्तम, पण घाटातली मळमळ पोटातून नव्हे, आतल्या कानातून सुरू होते. कान सांगतो 'आपण हलतोय', डोळे समोरच्या सीटकडे बघून सांगतात 'स्थिर आहोत', आणि मेंदूचा गोंधळ होतो. डायमेनहायड्रिनेट मेंदूत शिरून तो संदेशच मंद करतं. गुंगी येते तीही याच कारणाने. मेंदूत फारशी न शिरणारी, झोप न आणणारी ॲलर्जीची नवी गोळी म्हणूनच गाडी लागण्यावर कामाची नाही.

डायमेनहायड्रिनेटचा हा गुण सापडला तोही ॲलर्जीच्याच निमित्ताने. 1947 साली अमेरिकेत बाल्टिमोरला पित्त उठणाऱ्या एका गरोदर बाईला ते दिलं होतं. तिला ट्राममध्ये नेहमी मळमळायचं, ते गोळी घेतली की थांबायचं.

आता वेळेचा हिशोब. गोळी पोटात गेल्यावर अर्ध्या ते एक तासात नीट लागू पडते आणि परिणाम चार ते सहा तास टिकतो. गाडीतल्या एका ताईंनी पहाटे पाचला घरीच एक गोळी घेतली. वडखळला नाश्त्याला उतरताना डोळ्यांवर झापड होती, कोलाडपर्यंत त्या झोपून होत्या, म्हणजे जिथे गोळीची गरजच नव्हती तिथे तिचा भर संपला. साडेदहाला घाट लागला तेव्हा साडेपाच तास उलटले होते. मळमळ सुरू झाल्यावर त्यांनी पोलादपूरजवळ दुसरी गोळी घेतली. चार तासांचं अंतर पडल्यामुळे मोठ्या माणसाला ती घेता येते, पण ती लागू पडेपर्यंत अर्धा घाट चढून झाला होता. शिवाय मळमळ सुरू झाली की जठराची हालचाल मंदावते, गोळी तिथेच पडून राहते आणि उलटी झाली तर तिच्यासोबत बाहेर येते. उशिरा घेतलेली गोळी काम करत नाही, ती यामुळे.

बाकी ज्यांना फक्त घाट लागतो त्यांनी माणगावला चहासोबत, सव्वानऊच्या सुमारास गोळी घेतली. पोलादपूर यायला सव्वा तास लागला. घाटाच्या पहिल्या वळणाला औषध पूर्ण लागू होतं आणि महाबळेश्वरला पोचल्यावरही शिल्लक होतं. या वाटेवर माणगाव हीच गोळीची जागा. महाडला घेतली तर जेमतेम अर्धा तास मिळतो, म्हणजे नशिबावर सोडल्यासारखं.

मोठ्या माणसाला एका वेळी एक गोळी पुरते. फारच लागत असेल तर दोन, आणि चोवीस तासांत एकूण 400 मिलिग्रॅमच्या वर नाही. अंगकाठी लहान असेल आणि औषधांची सवय नसेल तर एकच घ्यावी, कारण दुसऱ्या गोळीने मळमळ थोडीच आणखी कमी होते आणि झोप मात्र बरीच वाढते.

मुलांचा हिशोब वेगळा, आणि चुका इथेच जास्त होतात. दोन वर्षांखालच्या बाळाला ही गोळी द्यायची नाही. तशी या वयात गाडी क्वचितच लागते. दोन ते पाच वर्षांपर्यंत एका वेळी 12.5 ते 25 मिलिग्रॅम, दिवसात जास्तीत जास्त 75, आणि तेही डॉक्टरांना विचारूनच. सहा ते अकरा वर्षांच्या मुलाला 25 ते 50, दिवसात 150 पर्यंत. मुलांमध्ये दोन डोसांत सहा ते आठ तासांचं अंतर हवं, चार तासांचं नाही. त्यामुळे ताईंनी केलं तसं 'पहाटे एक, घाटाआधी एक' मुलांच्या बाबतीत जमत नाही. पहाटे पाचला दिलेल्या मुलाला पुढची गोळी अकराच्या आधी देता येत नाही, आणि अकराला गाडी घाटाच्या मध्यावर असते. मुलांना एकच डोस, तो घाटासाठी राखून ठेवायचा. महामार्गावर त्यांना सांभाळायला मधली सीट, समोरचा रस्ता दिसेल इतकी उंच बैठक आणि हातात मोबाईल नाही, एवढं बहुधा पुरतं.

गाडीतल्या तिन्ही मुलांची गोष्ट तीन तऱ्हांची झाली. नऊ वर्षांच्या मुलीला माणगावला अर्धी गोळी, म्हणजे 25 मिलिग्रॅम दिली. गोळीवर मधोमध खाच होती, तिथून ती नीट तुटली. घाटात ती पेंगली, पण उलटी झाली नाही.

सहा वर्षांच्या मुलाला गोळी दिलीच नाही, आणि हा निर्णय बरोबर होता. त्याचं नाक वाहत होतं म्हणून आईने निघताना सर्दीचं सिरप पाजलं होतं. लहान मुलांच्या सर्दीच्या बहुतेक सिरपांत क्लोरफेनिरामाइन असतं. ते याच जातीचं औषध, तेही झोप आणणारं. दोन्ही एकावर एक पडली तर मूल नुसतं झोपत नाही, उठवूनही धड उठत नाही. खोकल्याच्या काही औषधांत डायफेनहायड्रामाइन असतं, आणि डायमेनहायड्रिनेट म्हणजे मुळात तेच औषध दुसऱ्या एका रसायनाशी बांधलेलं. नाव वेगळं दिसलं तरी डोस दुप्पट होतो. म्हणून या मुलाला पुढे, ड्रायव्हरच्या मागच्या ओळीत बसवलं आणि घाटात दोनदा गाडी थांबवून पाच-पाच मिनिटं उतरवलं. एकदा कोरडे उमासे आले, तेवढंच.

तिसरं मूल साडेतीन वर्षांचं. डॉक्टरांनी पाव गोळी सांगितली होती, पण आधीच्या रविवारी ती घरी देऊन बघितली होती. पेंगण्याऐवजी मूल दोन तास घरभर उड्या मारत होतं, रडत होतं. काही मुलांत हे औषध असं उलटं वागतं. बंद गाडीत घाटाच्या वळणांवर हा प्रकार नको, म्हणून त्याला काहीच दिलं नाही. घरी आधी एकदा देऊन बघण्याचा फायदा हा. पाव गोळीबद्दल अजून एक: सुरीने चार तुकडे कधीच सारखे होत नाहीत, चुरा सांडतो तो वेगळाच. मेडिकलमध्ये गोळी कापायची छोटी डबी मिळते ती वापरा, किंवा डॉक्टरांकडून सिरप लिहून घ्या आणि त्यावर दर मिलिलिटरला किती औषध आहे ते वाचून पिचकारीने मोजा. घरातला चमचा मापाचा नसतो.

मूल जांभया द्यायला लागलं की गोळीची झोप समजून सोडून देऊ नका. मळमळीची सुरुवातही बऱ्याचदा जांभईनेच होते. चेहरा फिकट पडला, कपाळावर गार घाम आला, मूल गप्प होऊन सारखं थुंकी गिळायला लागलं, तर पिशवी हातात घ्या आणि गाडी थांबवा. गोळीच्या गुंगीत चेहऱ्याचा रंग ठीक असतो, तोंड कोरडं पडतं, मूल पाणी मागतं. आणि अंग तापलेलं, चेहरा लाल, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, मूल असंबद्ध बडबडतंय असं दिसलं तर तो डोस जास्त झाल्याचा प्रकार आहे. तिथून थेट दवाखाना गाठायचा, लिंबूपाणी पाजत बसायचं नाही.

आजोबांना प्रोस्टेटचा त्रास, म्हणून त्यांनी घेतली नाही. या औषधाने लघवी अडकू शकते. काचबिंदू असलेल्यांनीही आधी डॉक्टरांना विचारावं. ड्रायव्हरने तर घेऊच नये. गाडी स्वतः चालवणाऱ्याला घाट सहसा लागतच नाही, पण आदल्या रात्रीच्या मळमळीवर कुणी 'एक घेऊन टाक' म्हणून दिलेली गोळी आंबेनळीच्या धुक्यात महागात पडेल.

वडखळला मिसळीचा मोह होतो. पोट रिकामं ठेवू नये हे खरं, पण तर्रीदार मिसळ चार तासांनी घाटात वर येते. इडली, पोहे, केळं बरं.

वाटेत प्रतापगड करायचा असेल तर वाडा-कुंभरोशीला गाडी वळते. माणगावला गोळी घेतलेली मुलं तेव्हा पुरती गुंगीत असतात आणि वर शेकडो पायऱ्या आहेत. दोन टप्प्यांतच ती खाली बसतील. प्रतापगड दुसऱ्या दिवशी, गोळीशिवाय, महाबळेश्वरहून वेगळा करा.

पावसाळ्यात दरडीमुळे आंबेनळी बंद झाला तर पुण्याहून वाईमार्गे जावं लागतं. तिथे पसरणी घाट शेवटी आहे, म्हणून गोळी खंबाटकी ओलांडण्याआधी, शिरवळच्या थांब्यावर घ्या.

परतीला हिशोब उलटा. घाट सुरुवातीलाच, उतरताना ब्रेक जास्त, त्यामुळे चढण्यापेक्षा अधिक लागतो. हॉटेलातून निघण्याआधी पाऊण तास, नाश्त्यासोबतच गोळी घ्यावी. सामान भरून, बिल भागवून गाडी हलेपर्यंत ती लागू पडलेली असते.