काकांच्या पार्लरचा स्टोरी पोल, प्रयत्न तिसरा

मागच्या वेळी लिहिलंच होतं की इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या काकांच्या आईस्क्रीम पार्लरच्या इन्स्टाग्राम स्टोऱ्या मी हौसेखातर करते, तर पुढचा फ्लेवर निवडायचा पोल एकदाचा जमला असं वाटतंय.

पहिला पोल सप्टेंबरात टाकलेला, सीताफळ की जांभूळ. जांभूळ जिंकलं, तेही दणक्यात, आणि मग काका म्हणाले, "अगं जांभूळ आता आणू कुठून, ते जून-जुलैत संपलं ना!" गोठवलेला गर ते वापरत नाहीत. चूक माझीच, आधी त्यांना विचारायला हवं होतं. तेव्हापासून नियम असा की जो माल दोन दिवसात हाताशी येईल तोच ऑप्शनमध्ये जाणार, भले पोल फिका दिसो.

दुसऱ्यांदा सीताफळ की शिकंजी ठेवलं आणि कॅप्शन फक्त "कुठला बनवू?" एवढंच. मतं तर भरभरून आली पण मेसेजमध्ये पुण्याच्या एका ताईंनी विचारलं, लिंबाचं आईस्क्रीम फाटणार नाही का हो? तेव्हा डोक्यात उजेड पडला. शिकंजी म्हटलं की बाहेरच्यांना लिंबूपाणीच आठवतं, आपली इंदूरची घट्ट दुधाची, केशर-सुकामेवावाली, जराशी आंबटसर शिकंजी त्यांच्या गावीही नाही. म्हणजे निम्मी मतं कशाला पडली कोण जाणे! बरं, टाकलेल्या स्टोरीतलं कॅप्शन बदलता येत नाही, डिलीट करून परत टाकली तर पडलेली मतं गेली, म्हणून २४ तास तसंच चालू दिलं.

आता तिसरं, हे बघा:

"शनिवारी संध्याकाळी ७ ला एकच डबा उघडणार. कुठला? 🍨"
ऑप्शन: "सीताफळ, बिया काढून" / "दुधाची इंदुरी शिकंजी"

आधी मी "मलईदार सीताफळ" आणि नुसतं "शिकंजी" लिहिलेलं, धाकटा भाऊ म्हणाला तू तर निकाल आधीच लावलास. खरंय, एकालाच मखमली शब्द दिला की मत शब्दाला पडतं, म्हणून आता दोघांना एकेक साधी माहिती. आणि "एकच डबा" खरंच एकच आहे हं, खोटं लिहिलं तर पुढच्या वेळी कोण मत देणार. मजकूर मधोमध ठेवलाय, अगदी वर प्रोफाइलचं नाव येतं आणि खाली रिप्लायची पट्टी, पहिल्या स्टोरीत "७ ला" पट्टीखालीच गेलं होतं.

कोणी कशाला मत दिलं हे स्टोरीवाल्याला नावासकट दिसतं, म्हणून टक्क्यांवर न जाता मी ओळखीची इंदूरवाली नावं वेगळी मोजली. सगळी मिळून सीताफळ पुढे होतं पण गावातल्यांत शिकंजी. काकांनी गावातल्यांचं ऐकलं, म्हणाले, "चमचा घेऊन तेच उभे राहणारेत ना भिया!"

डबा सव्वानऊला रिकामा झाला. सीताफळवाले दोघं रुसून कुल्फी खाऊन गेले.