तुम्ही विचारलंत म्हणून : फुल्यांसकट प्रकरण

"मॅडम, तुमचं पीएच.डी.चं एक प्रकरण काही वर्षं अडकून पडलं होतं, असं ऐकलं. माझंही तसंच झालंय. मनासारखं उतरत नाही तोवर गाईडना दाखवायचा धीर होत नाही, आणि मनासारखं कधी उतरतच नाही. तुम्ही शेवटी काय केलंत?"

माझं अडकलं ते तिसरं प्रकरण, दोन वर्षं आणि चार महिने. विषय होता जात्यावरच्या ओव्यांमधलं माहेर. भोर तालुक्यातल्या चार गावांत फिरून गोळा केलेल्या 640 ओव्या माझ्याकडे होत्या. पूर्वीच्या अभ्यासाचा आढावा आणि संशोधनपद्धती ही पहिली दोन प्रकरणं वेळेत झाली होती, कारण तिथे इतरांनी काय म्हटलं ते सांगायचं होतं. तिसऱ्यात माझं म्हणणं मांडायचं होतं.

त्या काळात मी रिकामी बसले नव्हते, हे आधी सांगते. सकाळी फाइल उघडायची. पहिलं वाक्य असायचं, "माहेर ही केवळ जागा नसून एक भावावस्था आहे." मग 'केवळ' खटकायचं. 'भावावस्था' जड वाटायचं. ते काढलं की वाक्य पोकळ दिसायचं. तासाभरात मनात यायचं की स्त्रीगीतांवरचं अमुक एक पुस्तक वाचल्याशिवाय हे वाक्य लिहिणं बरोबर नाही. फाइल बंद करून मी ग्रंथालयात जायची. जाताना छातीवरचं दडपण उतरलेलं असायचं, आणि संध्याकाळी दहा पानांची टिपणं हातात असायची. सहामाही प्रगती अहवालात मी "प्रकरण तिसरे : काम चालू" असं लिहीत होते आणि ते खोटं नव्हतं.

सगळी मेख त्या उतरलेल्या दडपणात होती. चालढकलीचा अभ्यास करणाऱ्या फ्यूशिया सिरोइस आणि टिमोथी पिचिल यांनी 2013 मध्ये हे नेमकं मांडलं. चालढकल म्हणजे नुसतं वेळेचं नियोजन फसणं नव्हे. कामाशी जोडलेली भीती किंवा अस्वस्थता त्या क्षणापुरती घालवायचा तो मार्ग असतो. फाइल बंद केली की बरं वाटतं, आणि जे केल्यावर बरं वाटतं ते आपण पुन्हा करतो. दुसऱ्या दिवशी फाइल उघडताना भीती थोडी वाढलेली असते, कारण आता एक दिवस वाया गेल्याचं ओझंही तिच्यावर असतं. शिवाय जितके महिने जास्त लागतील तितकं प्रकरण जास्त चांगलं व्हायला हवं, असं आपणच ठरवत जातो. दोन वर्षांनी आणलेलं प्रकरण साधंसुधं कसं चालेल?

इथे एक फरक लक्षात घ्या. परिपूर्णतेचा ध्यास सरसकट माणसाला थांबवतो, असं नाही. पिअर्स स्टील यांनी 2007 मध्ये चालढकलीवरच्या बऱ्याच अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा परिपूर्णतावादाशी तिचा संबंध एकंदरीत फिकाच दिसला. पुढे 2017 मध्ये सिरोइस आणि सहकाऱ्यांनी परिपूर्णतावादाचे दोन धागे वेगळे करून पाहिले. उंच अपेक्षा ठेवून झटणारी माणसं उलट कमी टाळाटाळ करताना दिसली. चूक झाली तर लोक काय म्हणतील, आपली लायकी उघडी पडेल, ही काळजी ज्यांच्यात जास्त, त्यांच्यात टाळाटाळही जास्त होती. म्हणून "अपेक्षा कमी करा" हा सल्ला मला कधी लागू पडला नाही. माझी ओव्यांविषयीची अपेक्षा योग्यच होती. पण प्रत्येक वाक्य लिहिताना मी मनातल्या मनात परीक्षेला बसत होते, तिथे खरी अडचण होती.

सुटका सुरू झाली ती माझ्या मार्गदर्शक बाईंच्या एका प्रश्नाने. त्यांनी विचारलं, "हे प्रकरण झालं, असं तू कधी म्हणशील?" मला उत्तर देता आलं नाही. "चांगलं झालं की," एवढंच म्हणाले. त्या म्हणाल्या, "मग ते कधीच होणार नाही. आधी रेघ आख आणि मग लिहायला बस."

ही रेघ आखण्याची कल्पना जुनी आहे. अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले हर्बर्ट सायमन यांनी 1956 मध्येच लिहिलं होतं की माणूस सर्वोत्तम पर्याय शोधत बसत नाही. पुरेसं म्हणजे किती हे मनाशी धरतो आणि ती पातळी गाठणारा पर्याय मिळाला की थांबतो. माझ्यासाठी यातली मोलाची गोष्ट म्हणजे पातळी आधी ठरवणं. लिहून झाल्यावर ठरवायला गेलं तर भीतीच ती ठरवते, आणि ती दर वेळी वर सरकवते.

त्या रात्री मी एका कार्डावर लिहिलं, "तिसरं प्रकरण, पहिला खर्डा. पुरेसा कधी?" खाली चार अटी. पाच उपविभागांपैकी प्रत्येकात माझं म्हणणं एका साध्या वाक्यात आलं पाहिजे. त्या म्हणण्यामागे निदान दोन ओव्यांचे क्रमांक हवेत. एकूण पानं पंधराच्या आसपास. आणि जिथे शब्द, संदर्भ किंवा दुवा अडेल तिथे एक फुली मारून पुढे जायचं. भाषेबद्दल एकही अट नव्हती, आणि ती मुद्दाम ठेवली नव्हती. रोज सकाळी 50 मिनिटं लिहायचं, त्या वेळात पुस्तक उघडायचं नाही.

सुरुवात पहिल्या वाक्यापासून केली नाही, मुराळ्याच्या ओव्यांपासून केली. बहिणीला सासरहून माहेरी न्यायला येणारा भाऊ, त्याची वाट पाहणारी ती, या ओव्या मला तोंडपाठ होत्या. पहिल्या सकाळी दीड पान झालं आणि त्यात सात फुल्या होत्या. ते पान बघवत नव्हतं. पण कार्डावरच्या अटींत ते बसत होतं, म्हणून हात लावला नाही. बावीस दिवसांत सतरा पानं झाली. प्रस्तावनेचा परिच्छेद मी सगळ्यात शेवटी लिहिला आणि त्याला वीस मिनिटं लागली.

फुल्या एकूण 41 होत्या. नंतर त्या भरायला बसले, तेव्हा अठराच खरोखर काही वाचून भराव्या लागल्या. बाकीच्या ज्या वाक्यांत होत्या ती वाक्यंच पुढे गरजेची उरली नाहीत. म्हणजे दोन वर्षांत ज्या वाचनावाचून लिहिता येणार नाही असं मला वाटत होतं, त्यातल्या मोठ्या भागाची गरज प्रकरणाला नव्हती. तेव्हापासून पुस्तक उघडण्याआधी मी कागदावर प्रश्न लिहिते. प्रश्न लिहिता आला नाही, तर मी वाचायला चाललेली नाही, लिखाणापासून पळते आहे, असं धरते.

खर्डा देण्याच्या आदल्या दिवशी आणखी एक केलं. ते तुम्ही नक्की करा. बाई काय म्हणतील याचा माझा अंदाज मी वहीत लिहिला : "हे एम.ए.च्या निबंधासारखं झालंय, असं म्हणतील." पुढे लिहिलं, खात्री 80 टक्के. भीती मनात असते तेव्हा धुक्यासारखी असते. कागदावर आली की तो एक दावा होतो आणि दावा खरा की खोटा हे तपासता येतं. मानसोपचारात परिपूर्णतावादावर काम करताना अशी पडताळणी मुद्दाम करून घेतात. अट एकच, अंदाज आधी लिहायचा. नंतर आठवून लिहिला तर मन तो निकालाशी जुळवून घेतं.

आठ दिवसांनी पानं परत आली. समासात पेन्सिलीने नऊ नोंदी होत्या, त्यातली एकही भाषेवर नव्हती. सहाव्या पानावर लिहिलं होतं, "ही ओवी लेक गातेय की लेकीसाठी आई?" मी ती नोंद कितीतरी वेळ बघत बसले. माहेराच्या सगळ्या ओव्या मी सासुरवाशिणीच्या तोंडी धरल्या होत्या. पण लेकीची वाट पाहणारी आईही जात्यावर बसते आणि तिच्यासाठी ते माहेर नसतं, स्वतःचं घर असतं. 640 ओव्या पुन्हा चाळल्या, गाणारी कोण हे प्रत्येकीसमोर लिहिलं आणि प्रकरणाचा गाभाच बदलला. हा प्रश्न मला एकटीला पहिलं वाक्य घासताना कधीच सुचला नसता. कच्चं लिखाण दुसऱ्याच्या हातात गेलं म्हणून तो आला.

आता एक पथ्य. पुरेसं चालतं ते कुठे आणि कुठे नाही, हे कार्डावर वेगळं लिहा. माझ्याकडे ध्वनिमुद्रणावरून ओव्या उतरवताना कसलीही सूट नव्हती. गाणारी "पयली माझी ववी" म्हणत असेल आणि मी "पहिली माझी ओवी" लिहिलं, तर मी तिची बोली पुसली. तिथे प्रत्येक ओवी दोनदा ऐकून ताडायची, उद्धृत करताना तिसऱ्यांदा. आकडे, अवतरणं, माहिती देणाऱ्या बायांची संमती, यांतही तसंच. मला वाटतं, सगळीकडे सारखाच काटेकोरपणा ठेवण्याच्या नादात जिथे तो खरंच हवा तिथली ताकद आधी संपते. अडकलेल्या काळातल्या माझ्या उताऱ्यांत पुढे अकरा ठिकाणी बोली प्रमाण झालेली सापडली, आणि त्याच महिन्यांत मी 'कल्पना' की 'संकल्पना' यावर सकाळी घालवत होते.

दुसरं टोकही माझ्या वाट्याला आलं. प्रकरण तयार झालं तरी हातातून सुटेना. तेव्हा थांबायची खूण ठरवली : सलग दोन फेऱ्यांत फक्त शब्द बदलले आणि एकही मुद्दा हलला नाही, तर तिसरी फेरी करायची नाही, त्याच दिवशी पाठवायचं. पहिल्यांदा पाठवल्यावर रात्रभर तळमळले. चौथ्या प्रकरणाला तेवढं झालं नाही. पाचव्याला पाठवून मी भाजी आणायला गेले. वहीतल्या अंदाजांची खात्रीही 80 वरून हळूहळू 30 पर्यंत आली होती.

झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, किंवा केलेलं काम पुनःपुन्हा तपासल्याशिवाय राहवतच नसेल, तर कार्ड आणि फुल्या पुरणार नाहीत. समुपदेशकांकडे जा, त्यात वेळ दवडू नका. आणि विषयच आता नकोसा झाला असेल, तर ते दुखणं वेगळं आहे, त्यावर आपण वेगळं बोलू.

तसं नसेल तर आज रात्री कार्ड लिहा. अटी चारच्या वर नेऊ नका. सोमवारी दुपारी मी विभागात असते. जेवढी पानं झाली असतील तेवढी फुल्यांसकट घेऊन या, आणि येण्याआधी, मी काय म्हणेन याचा अंदाज वहीत लिहून ठेवा.