पंधरा लाखांचा कागद

जुलैमधल्या एका सोमवारी सकाळी नऊच्या आत फोन आला. पलीकडून आवाज अगदी खाली होता. "ताई, आज येता का? माल कुठेतरी जातोय. मला काकांशी बोलायचंय, पण त्याआधी तुम्ही आकडे बघा."

फोन करणाऱ्यांचं पुण्यात पेठेत फरसाण-मिठाईचं दुकान आहे आणि धायरीला छोटा कारखाना. मी कॉस्ट अकाउंटंट आहे, त्यांच्याकडे महिन्यातून एकदा जाते. काका म्हणजे कारखान्याचे देखरेखीचे गृहस्थ, मालकांच्या वडिलांच्या वेळेपासूनचे. या माणसावर चोरीचा संशय घेतला जातोय, हे ऐकून मला बरं वाटलं नाही. पण संशयाला कारण होतं. मागच्या वर्षीच्या जूनमध्ये विक्री २० लाख होती आणि नफा १ लाख ९० हजार. यंदाच्या जूनमध्ये विक्री २२ लाख झाली, तरी नफा १ लाख ७८ हजारांवर आला. भाडं, पगार, वीज, व्याज मिळून स्थिर खर्च दोन्ही वर्षी ५ लाख ७० हजारच. दोन लाखांचा माल जास्त विकला आणि हातात बारा हजार कमी पडले, म्हणजे मधे कुणीतरी हात मारला, असं त्यांचं गणित.

सिंहगड रोडच्या गर्दीतून धायरीला पोचायला साडेदहा झाले. ऑफिसच्या भिंतीवर एक कागद टाचलेला होता, माझ्याच अक्षरातला: "ब्रेक-इव्हन : दरमहा १५ लाख." मागच्या वर्षी मीच तो लिहून दिला होता. पंधरा लाखांवर गेलं की नफा सुरू, असं मालकांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. बावीस लाख झाले म्हणजे सात लाख वर, मग नफा वाढायलाच हवा, हा त्यांचा हिशोब त्या कागदातूनच आलेला होता.

चोरी, नासाडी किंवा महागाई यापैकी काहीही असेल, तर त्याची खूण एकाच जागी दिसते: मालाच्या किलोमागचा बदलता खर्च वाढतो. म्हणून मी आधी तोच धरला. खरेदीची बिलं, तेलाचे डबे, बेसन, काजू, साखर, गॅस, आणि तयार मालाची वजनं समोर घेतली. मुख्य माल तीनच. बाकरवडी ४०० रुपये किलो, त्यातून बदलता खर्च वजा जाता १८० सुटतात. चिवडा ३०० रुपये, १०५ सुटतात. काजू कतली १,००० रुपये, २५० सुटतात. सगळे भाव जीएसटी वगळून. दुपारी दीडपर्यंत तिन्ही मालांचे जूनचे आकडे लागले, आणि तिन्ही मागच्या वर्षीइतकेच आले. काजू महागले होते, पण हॉटेलांच्या करारासाठी जुन्याच दराला काजू देणारा नवा पुरवठादार शोधला होता, त्यामुळे जूनमध्ये फरक उरला नव्हता. तेलाच्या डब्यांचा आणि बाकरवडीच्या वजनाचा मेळ बसत होता.

म्हणजे कुठलाच माल गळत नव्हता. प्रत्येक माल आपल्या जागी पहिल्याइतकंच कमवत होता, तरी एकूण कमाई घटली होती. असं घडायला एकच वाट उरते: मालांचं आपसातलं प्रमाण बदललेलं असतं.

मी मालकांना समोर बसवलं आणि फक्त विक्रीची फोड लिहिली. मागच्या जूनमध्ये २० लाखांपैकी बाकरवडी १० लाख, चिवडा ६ लाख, कतली ४ लाख. यंदा २२ लाखांत बाकरवडी ६ लाख ६० हजार, चिवडा तितकाच ६ लाख ६० हजार, आणि कतली ८ लाख ८० हजार. कतली दुपटीच्याही वर गेली होती. तीन हॉटेलांनी पाहुण्यांच्या खोलीत ठेवायला १०० ग्रॅमच्या डब्या लावल्या होत्या, दिवसाला दीडशे-दोनशे. डबीचे पैसे हॉटेलं वेगळे देत, ते मी हिशोबात धरले नाहीत.

आता रुपयामागे काय सुटतं ते पाहा. बाकरवडीच्या शंभर रुपयांत ४५, चिवड्याच्या शंभरात ३५, कतलीच्या शंभरात २५. या तिघांची साधी सरासरी काढून उपयोग नाही, ती दोन्ही वर्षी ३५च येईल आणि काहीच सांगणार नाही. ज्याची विक्री जास्त त्याचं वजन जास्त, असं धरूनच सरासरी काढावी लागते. मागच्या वर्षी विक्रीचा निम्मा भाग बाकरवडीचा होता, म्हणून एकूण कॉन्ट्रिब्युशन, म्हणजे बदलता खर्च जाऊन सुटणारी रक्कम, शंभराला ३८ पडत होतं. यंदा बाकरवडी ३० टक्क्यांवर आली, कतली ४० टक्क्यांवर गेली, आणि तेच ३४ झालं.

इथे माझ्या कागदातली चूक उघडी पडली. ५ लाख ७० हजारांना ३८ टक्क्यांनी भागलं की १५ लाख येतात. ३४ टक्क्यांनी भागलं की १६ लाख ७६ हजार. स्थिर खर्चात एक रुपया न वाढताही ब्रेक-इव्हन पावणेदोन लाखांनी वर सरकला होता. नुसती बाकरवडी विकली तर तो १२ लाख ६७ हजारांवर येतो आणि नुसती कतली विकली तर २२ लाख ८० हजारांवर, म्हणजे जूनच्या सगळ्या विक्रीच्याही वर. इतका पसरलेला आकडा मी एका ओळीत, कुठल्या मिश्रणासाठी ते न लिहिता, भिंतीवर लावून ठेवला होता. ते ऐकताना मालक गप्प होते आणि मीही सांगताना अडखळले, कारण त्या कागदावर भरवसा ठेवूनच तर संशय काकांपर्यंत पोचला होता.

बारा हजारांचा उलगडाही तिथेच झाला. दोन लाख जास्त विकले, ते जुन्याच प्रमाणात विकले असते तर ७६ हजार जास्त सुटले असते. पण २२ लाखांवर शंभराला चार रुपये कमी सुटले, म्हणजे ८८ हजार गेले. वजाबाकी बारा हजार. पैशाचा पैसा जुळला.

पण मालकांनी पुढे जो प्रश्न विचारला तो अगदी रास्त होता. "ताई, कतलीच्या किलोला अडीचशे सुटतात, बाकरवडीला एकशेऐंशी. मग जास्तीची कतली विकली तर नुकसान कसं?"

त्यांचं खरं होतं. टक्केवारीत कतली सगळ्यांत खाली, पण किलोमागे सगळ्यांत वर. शंभराला ३८चे ३४ झाले म्हणून कतली वाईट, असं म्हणून मी थांबले असते तर दुसरी चूक केली असती. म्हणून टक्के बाजूला ठेवून किलो मांडले. कतली ४०० किलोंवरून ८८० किलो झाली. वाढलेल्या ४८० किलोंचे १ लाख २० हजार सुटले. चिवड्याचे २०० किलो वाढले, त्याचे २१ हजार. आणि बाकरवडी २,५०० किलोंवरून १,६५० वर आली. ८५० किलोंचे १ लाख ५३ हजार गेले. नुकसान कतलीनं केलेलंच नव्हतं. मग बाकरवडी कमी का झाली? लोकांनी खाणं सोडलं का?

हे काकांना विचारायला हवं होतं. मालकांनी त्यांना आत बोलावलं. काकांनी काही न बोलता कप्प्यातून एक जाड वही काढली. दुकानातला काउंटर रोज संध्याकाळी जे कळवतो ते ते त्यात लिहितात. जूनचं पान उघडलं: "बा. संपली ५.१०." खाली "बा. संपली ४.४५." पुन्हा "५.२०." जवळजवळ रोज. बोटांना लागलेल्या हळदीचे पिवळे ठसे पानाच्या कडेला होते.

"सहा बायका वळायला बसायच्या," काका म्हणाले. "दोघींना डब्यांवर घेतलं. कतली कापायची, वर्ख लावायचा, तोलायची, डबीत भरायची, चिठ्ठी चिकटवायची. दहा डब्या झाल्या की एक किलो. मी मे महिन्यात सांगितलं होतं."

सहातल्या दोघी म्हणजे एक तृतीयांश. अडीच हजार किलोंचा एक तृतीयांश म्हणजे सव्वाआठशेच्या थोडा वर. गेलेली बाकरवडी होती ८५० किलो. मी पेन खाली ठेवलं.

एक किलो कतली डब्यांत भरण्यासाठी पावणेदोन किलो बाकरवडी वळायची राहत होती. म्हणजे २५० मिळवायला सुमारे ३२० सोडले जात होते. ही अदलाबदल १.४ किलोंपर्यंत असती तर बरोबरी साधली असती. त्यापुढे प्रत्येक डबीत तोटा. मिश्रण बदलल्यामुळे टक्का घसरला हे खरं, पण घसरलेला टक्का खूण होती. कारण होतं ते त्या दोन पाटांवर, जिथे आता कुणी बसत नव्हतं.

चहा आला तेव्हा मी दुसरा हिशोब मांडला. डब्यांसाठी पंधरा हजार पगाराच्या दोन बायका नव्यानं कामावर घेतल्या आणि जुन्या दोघी वळायला परत गेल्या तर? स्थिर खर्च ६ लाख होतो. बाकरवडी पुन्हा २,५०० किलो, कतली ८८० तशीच. विक्री २५ लाख ४० हजार, सुटणारी रक्कम ९ लाख १ हजार, नफा ३ लाख १ हजार. ब्रेक-इव्हन १६ लाख ९१ हजार, म्हणजे त्या दिवशीच्यापेक्षाही वर, आणि टक्का ३५च्या आसपास, म्हणजे मागच्या वर्षीपेक्षा खालीच. तरी नफा मागच्या वर्षीपेक्षा लाखभर जास्त. फक्त हे सगळं एका गोष्टीवर टेकलेलं आहे, ते मी स्पष्ट सांगितलं: काउंटरवर ती ८५० किलो बाकरवडी खरोखर खपली पाहिजे. काकांच्या वहीतल्या वेळा तसं सांगतात, पण किती जण रिकाम्या हातानं परत गेले ते त्यात लिहिलेलं नाही. म्हणून आधी एकच बाई घेऊन महिनाभर "संपली"ची वेळ कुठे सरकते ते बघायचं ठरलं. आणि हॉटेलांचा पुढचा करार होईपर्यंत वळणाऱ्या बायका डब्यांवरच राहणार असतील, तर कतलीचा नवा दर किलोला १,०७० च्या खाली द्यायचा नाही, म्हणजे अडीचशेच्या जागी ते ३२० सुटतील.

भिंतीवरचा कागद मी काढला. नव्या कागदावर तीन ओळी लिहिल्या: बाकरवडी निम्मी तर १५ लाख, तीस टक्के तर १६ लाख ७६ हजार, आणि त्याखाली दर महिन्याचं मिश्रण भरायला रिकामा चौकोन. मालकांनी पेन माझ्या हातून घेतलं आणि काकांपुढे केलं. "चौकोन तुम्ही भरायचा, काका. वही तुमच्याकडे आहे."

काकांनी चष्मा पुसला आणि जूनचे आकडे स्वतःच्या अक्षरात लिहिले. मी निघाले तेव्हा पाच वाजून गेले होते. फोन वाजला, दुकानातून होता. काकांनी ऐकलं आणि वहीत लिहिलं: "बा. संपली ५.०५."