ज्वारीचा अर्क, मातीचा वास

ज्वारीची भाकरी होते, हुरडा होतो, लाह्या होतात, आंबील होते. चीनमध्ये याच ज्वारीची बायज्यू नावाची दारू होते. पण पहिल्यांदा ती नाकाशी नेणाऱ्याचा, हिचा ज्वारीशी काही संबंध असेल यावर विश्वास बसत नाही. एका बाटलीतून जरा जास्तच पिकलेल्या अननसाचा वास येतो, दुसरीतून सोया सॉसचा, तिसरीतून नासपतीचा. तिन्ही दिसायला पाण्यासारख्या नितळ, आणि तिन्हींवर बहुधा ५२ किंवा ५३ टक्के अल्कोहोल लिहिलेले. व्हिस्कीचा वास बराचसा पिंपाच्या लाकडातून येतो. बायज्यूला लाकूड लागतच नाही. तिचा वास ऊर्ध्वपातनाच्या आधीच, आंबवताना ठरतो. ज्वारी कशाला टेकून आंबली, हाच खरा प्रश्न. मातीच्या रांजणाला, चिखलाच्या खड्ड्याला की दगडाच्या भिंतीला?

नवख्याची गाडी अडते ती इथेच. त्याच्या हातात पहिल्यांदा येते ती बहुधा सगळ्यात महागडी किंवा सगळ्यात उग्र बाटली. तो नाक मुरडतो आणि एका वासावरून साऱ्या कुळाची परीक्षा करून मोकळा होतो. त्यापेक्षा रांजणापासून सुरुवात करावी आणि मग खड्ड्यात उतरावे.

रांजण पाहायचे तर उत्तर चीनच्या शानशी प्रांतातले शिंगह्वा हे गाव. तिथली फेनज्यू म्हणजे ‘हलक्या’ सुगंधाच्या घराण्याचा नमुना. ज्वारी जाडसर भरडतात, पीठ करत नाहीत. एका दाण्याचे चार ते आठ तुकडे पडले की पुरे. गरम पाणी शिंपडून हा भरडा सुमारे २० तास भिजत ठेवतात, वाफवतात, पसरून निववतात आणि मग त्यात छ्यूची पूड मिसळतात. छ्यू म्हणजे या साऱ्या खटाटोपाचे विरजण. फेनज्यूसाठी सातू आणि वाटाणे भरडून त्यांच्या विटा पाडतात आणि बंद खोलीत मांडून ठेवतात. हवेतली बुरशी, यीस्ट, जिवाणू त्यांवर आपोआप वस्तीला येतात. बिअर करताना आधी स्टार्चची साखर होते आणि मग साखरेची दारू. इथे बुरशी साखर करत असतानाच यीस्ट तिची दारू करत असते, दोन्ही एकाच ढिगात. तो ढीगही पातळ नसतो. मुठीत दाबला तर बोटांना ओल लागावी, इतपतच पाणी.

हे मिश्रण जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या भाजक्या मातीच्या रांजणांत जाते आणि वर दगडी झाकण बसते. रांजण पुरायचे कारण तापमान. आंबताना उष्णता सावकाश चढावी, मधले काही दिवस ३० अंशांच्या आसपास टिकावी आणि सावकाशच उतरावी. ती भसकन चढली तर यीस्ट लवकर दमते, आम्ल करणाऱ्या जिवाणूंचे फावते. दारू कमी निघते आणि तीही आंबटसर. सुमारे २८ दिवसांनी माल बाहेर निघतो. त्यात वाफवलेला भाताचा तूस मिसळून तो ऊर्ध्वपातनाला चढवतात, उरलेल्या चोथ्यात पुन्हा छ्यू घालून दुसऱ्यांदा आंबवतात, आणि दुसऱ्या ऊर्ध्वपातनानंतर चोथा टाकून देतात. रिकामे रांजण सिचुआन मिरीच्या पाण्याने धुतात. ही मिरी म्हणजे आपल्या कोकणातल्या तिरफळाची सख्खी चुलत बहीण. बांगड्याच्या आमटीवाल्यांना हे वाचून बरे वाटावे. एवढ्या धुण्यापुसण्याचा हेतू एकच, मातीचा वास दारूला लागू नये. म्हणून फेनज्यूत ज्वारी ऐकू येते. नासपती, ओले गवत, किंचित गोडवा, आणि मग ५३ टक्क्यांचा चटका.

ऊर्ध्वपातनाचे भांडे सगळ्या घराण्यांत साधारण एकच, माणूसभर उंचीचे मोदकपात्र म्हणा. तळाला जाळी, खालून वाफ, वर आंबलेला माल. तो एकदम ओतत नाहीत. जिथे वाफ डोकावेल तिथेच हलक्या हाताने पुढची मूठ पसरायची. माल दडपला गेला तर वाफ एखादी वाट फोडून निघून जाते आणि बाकीच्या मालातली दारू आतच राहते. तूस घालायचा तो माल मोकळा राहावा म्हणूनच. पण तूस आधी नीट वाफवला नसेल तर बाटलीत कोंड्याचा कोंदट वास उतरतो. स्वस्त बायज्यूतला हा दोष नवख्यालाही ओळखता येतो.

आता खड्डा. सिचुआनमधल्या लुचौ शहरात जमिनीत खणलेल्या, चिकणमातीने लिंपलेल्या कुंडांत ज्वारी आंबवतात. तिथली सर्वांत जुनी कुंडे १५७३ पासूनची मानली जातात आणि आजही वापरात आहेत. शिंगह्वात ज्या मातीला दूर ठेवतात, तिलाच इथे कामाला लावतात. कुंडाच्या भिंतीतल्या चिखलात, हवा न लागता जगणारे जिवाणू राहतात. ते कॅप्रोइक आम्ल तयार करतात. या आम्लाला नुसते हुंगले तर बोकडाचा वास येतो. पण अल्कोहोलशी संयोग होऊन त्याचे एथिल हेक्झानोएट बनले की तोच वास अननसाचा होतो. ‘तीव्र’ सुगंधाच्या घराण्याचे सारे गुपित या एका एस्टरभोवती फिरते. सगळा चोथा कधी टाकून देत नाहीत. जुन्या चोथ्यातला काही भाग ठेवून त्यात नवी ज्वारी मिसळतात, म्हणजे चिखलातली वस्ती उपाशी राहत नाही. आंबायला दोन-तीन महिने लागतात.

नवे कुंड मात्र पुष्कळ वर्षे नीट वागत नाही. आम्ल आणि एस्टर यांचा मेळ बसला नाही, किंवा चिखल मालात मिसळला, की गोठ्याची आठवण यावी असा वास येतो. बरेच लोक यालाच बायज्यूचा ‘खरा’ बाज समजून सोसतात. तो दोष आहे. लुचौ लाओज्याओ किंवा वूल्यांगये या याच घराण्यातल्या चांगल्या बाटल्यांत आधी फळ यायला हवे, त्यामागे जरासे आंबवलेले चीजसारखे काही, आणि गोठा अजिबात नाही.

तिसरे घराणे ग्वेचौ प्रांतातल्या माओतायचे, ‘सॉस’ सुगंधाचे. तिथे गव्हाचे छ्यू मुरताना ६० अंशांच्या वर तापू देतात, माल आधी उघड्यावर ढीग करून आणि मग दगडी भिंतींच्या कुंडांत आंबवतात. एकाच ज्वारीचे वर्षभरात नऊदा वाफवणे, आठदा आंबवणे आणि सातदा दारू काढणे चालते. इतक्या वेळा वाफवूनही दाण्याचा लगदा होऊ नये म्हणून तिथली ज्वारी चिकट जातीची आणि जाड सालीची लागते. भाकरीची मालदांडी तिथे टिकणार नाही. १९७२ मध्ये चीनचे पंतप्रधान चौ एनलाय यांनी अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांना पाजली ती हीच माओताय. सोया, भाजलेले धान्य, कोको, मशरूम असे बरेच काही एकदम अंगावर येते, म्हणून ही पहिली बाटली नव्हे. तांदळाचे चौथे घराणे, ग्वेलिनची सानह्वा, गुलाबासारखे सौम्य आहे. वाटेत भेटले तर जरूर घ्यावे, पण त्यावरून बाकीच्यांचा अंदाज येत नाही.

तेव्हा पहिली बाटली फेनज्यूची, ५३ टक्क्यांची, साध्या काचेतली. सिरॅमिकच्या देखण्या बाटल्यांत बराचसा पैसा खोक्याचा असतो. चिनी वाचता येत नसले तरी लेबलावर किंवा दुकानाच्या संकेतस्थळावर मानकाचा क्रमांक सापडतो: `GB/T 10781.2` म्हणजे हलका सुगंध, `.1` म्हणजे तीव्र, `.3` तांदळाचा, `.4` सॉसचा. `GB/T 20821` दिसले तर ती ओल्या ढिगाची नव्हे, द्रव पद्धतीने केलेली दारू. शिकायला ती निरुपयोगी.

पेला १० मिलिलिटरचा घ्यावा, चिनी पेला साधारण तेवढाच असतो. बाटली फ्रिजमध्ये ठेवू नये, बर्फ घालू नये. गारठ्याने सुगंध मिटतो आणि चटका तेवढा उरतो. पेला नाकापासून दोन-तीन बोटे लांब धरून तोंड किंचित उघडे ठेवावे, नाहीतर अल्कोहोलची वाफच नाक बधिर करते. पहिला घोट म्हणजे चार-पाच थेंब. जिभेवर पसरू द्यावेत, गिळावेत आणि मग श्वास नाकाने सोडावा. सुगंध कळतो तो या सोडलेल्या श्वासात. पेला एका दमात रिता करणाऱ्याला फक्त जाळ कळतो. सोबत खारे शेंगदाणे, ठेचलेल्या लसणाची काकडी, काहीतरी तळलेले हवेच. बायज्यू ही जेवणाच्या ताटाची दारू आहे, एकट्याने बसून पिण्याची नाही. काजू फेणीचा वास ज्यांना परका नाही ते दोन पावले पुढून सुरुवात करतात.

दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीला हलकी आणि तीव्र शेजारी शेजारी ठेवावी, दहा-दहा मिलिलिटर, आधी हलकी. उलट क्रमाने घेतली तर अननसापुढे फेनज्यू पाण्यासारखी लागते. सॉसच्या घराण्याची पाळी आली की पेला रिकामा करून तसाच ठेवावा आणि दुसऱ्या सकाळी हुंगावा. चांगल्या दारूचा भाजका गोडसर वास तेव्हाही पेल्यात असतो, आणि रात्री जे गर्दीत हरवले होते ते सकाळी सुटेसुटे कळते.

तीव्र बायज्यूत पाणी घातले की कधी कधी ती धुरकट होते. ५२ टक्क्यांच्या ३० मिलिलिटरमध्ये १० मिलिलिटर पाणी घातले की ताकद ३९ टक्क्यांवर येते, आणि लांब साखळीच्या मेदाम्लांचे एस्टर विरघळलेले राहत नाहीत. यात बिघडत काही नाही. मात्र ‘धुरकट झाली म्हणजे अस्सल’ ही सांगोवांगी कसोटी घेऊन बसू नये. ३८ टक्क्यांच्या बाटल्यांतून हे एस्टर कारखान्यातच गाळून काढलेले असतात, म्हणून त्या अस्सल असूनही नितळ राहतात. नुसती झेपत नसेल तर तीव्र बायज्यू २० मिलिलिटर आणि अननसाचा रस १०० मिलिलिटर असे जमते, कारण अननसातही तेच एथिल हेक्झानोएट असते.

हिशेब मात्र पक्का हवा. आपल्याकडचा ३० मिलिलिटरचा, ४२.८ टक्क्यांचा पेग म्हणजे सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल; ५३ टक्क्यांच्या दहा मिलिलिटरच्या पेल्यात सव्वाचार ग्रॅम. म्हणजे अडीच पेल्यांनाच पेग पुरा होतो, आणि पेला इतका लहान की हे ध्यानात येत नाही. यिवू किंवा शेनझेनला धंद्यानिमित्त जाणाऱ्यांनी तर हे पाठच करावे. तिथल्या मेजवानीत प्रत्येकापुढे एक छोटा काचेचा चंबू ठेवतात, त्यात साधारण १०० मिलिलिटर मावते, आणि त्यातून आपणच आपला पेला भरायचा. पेल्यांची मोजदाद करत बसण्यापेक्षा चंबूकडे लक्ष ठेवावे. तो एकदा रिकामा झाला की चार पेग झाले. ज्येष्ठांच्या पेल्याला पेला भिडवताना आपली कड त्यांच्या कडेपेक्षा खाली धरतात. ‘गानबेइ’ म्हटले की पेला रिता करायचा असतो, ‘सुएयी’ म्हटले की जमेल तेवढे. पिणार नसाल तर पहिल्या पेल्याआधीच सांगावे, चहाच्या पेल्यावरही निभावते. दोन पेले घेऊन तिसऱ्याला नाही म्हणणे तिथे फार अवघड जाते.