यादी नको, घड्याळ बघा

«चार दिवस नागपूरला येतोय, फक्त खायला. कुठं काय खायचं याची यादी पाठवता का?»

पाठवत नाही. पूर्वी पाठवायचे, तीही दिवसवार, वेळा घालून. ती वही अजून कपाटात आहे आणि तिच्यावर माझा अजून राग आहे.

माझी आतेबहीण आणि भाऊजी पुण्याहून मे महिन्यात आले, मुलांना सुट्ट्या म्हणून. मे महिन्यात संत्री कुठली हो? आंबिया बहार दिवाळीच्या मागंपुढं येतो, मृग बहार फेब्रुवारी-मार्चमध्ये. कळमन्याला पहाटे संत्र्यांचे ढीग आणि त्यांचा लिलाव बघायचा तर त्या महिन्यांत यायचं. ज्या सांभारवडीसाठी बहीण हटून बसली होती, तीही थंडीतली. तेव्हा सांभार स्वस्त असतो, कोवळा असतो. (सांभार म्हणजे कोथिंबीर. गोकुळपेठेच्या बाजारात बहिणीनं «सांबार नको, कोथिंबीर द्या» म्हटलं आणि भाजीवाली हसत बसली.) तेव्हा ‘संत्रा बर्फी न्या’ म्हणून मी विषय मिटवला.

वहीत पहिल्या रात्री सावजी लिहिलं होतं. का? तर पाहुणे आले की पहिला मान सावजीचा, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तर्री-पोहे, अकराला लांब पोळी शिकायला. कागदावर किती छान दिसत होतं.

लांब पोळी शिकवणाऱ्या काकूंचं आधी सांगते, म्हणजे कळेल. त्या चाळलेल्या गव्हाच्या पिठात मीठ घालून थोडं थोडं पाणी मुरवत जातात आणि कणीक परातीत आपटत, ओढत राहतात. शेवटी ती इतकी सैल होते की उचलली तर बोटांवरून खाली ओघळते, पण तुटत नाही. मग थोडा वेळ झाकून ठेवायची. गोळा दोन्ही हातांवर घेऊन झुलवत झुलवत कोपरापर्यंत ताणायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या मडक्यावर टाकायचा. क्षणभरात पोळी फुगते, डाग पडतात, काढायची. सगळा खेळ कणकेच्या तारेचा. बोटांवरून चादरीसारखी उतरली तर कणीक बरोबर. धाग्याधाग्यांनी तुटली, परातीत पाण्यासारखी पसरली, तर गेली. थंडीत ती थोडा दम धरते. मेच्या उकाड्यात चुलीशेजारी नाही धरत.

काकूंनी अकराच्या हिशोबानं दोन किलो पीठ भिजवलेलं.

आणि भाऊजी सकाळी सातला न्हाणीघरात. रात्री त्यांनी रस्सा वाटीनं प्यायला होता, मी «तर्री बाजूला सारा, भाताबरोबर बेतानं घ्या» म्हणत असताना. खरं सांगायचं तर एकदाच म्हटलं, तेही हसत, कारण ते घाम पुसत खात होते आणि मला गंमत वाटत होती. पोहे राहिलेच. दहानंतर गाडीवर पातेल्याचा तळ दिसायला लागतो. आम्ही काकूंकडे पोचलो दीड वाजता. फोन? केला, साडेबाराला. तोवर कशाला करायचा होता, आम्ही निघणारच होतो ना!

काकूंनी परातीवरचं ओलं फडकं उचललं, कणीक उचलून पाहिली. ती तुटून परत परातीत पडली. «काऊन येवढा उशीर केला जी?» एवढंच बोलल्या. तरी थोडं कोरडं पीठ मिसळून त्यांनी एक गोळा झुलवला, बहिणीच्या हातावर दिला. मनगटापाशीच भोक पडलं. दुसऱ्याला कोपराजवळ. तिसरी मडक्यावर पडली ती गोळा होऊनच, आणि जळक्या कणकेचा वास सुटला. धाकट्या भाच्याला हसू आलं. काकूंनी चुलीतली लाकडं बाहेर ओढली.

मी ठरलेले पैसे पुढं केले. «शिकवलं काय मी? ठेवा.» परातीखाली नोट सरकवली तर ती त्यांनी भाच्याच्या खिशात घातली.

त्यात माझी चूक किती, यावर घरात अजून दोन मतं आहेत. भाऊजींनी वाटी उचलली, हे खरं. पण सावजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळ मोकळी सोडायची असते हे त्यांना कुठून माहीत असणार? मला माहीत होतं. आता मी शिकण्याचं पहिल्याच सकाळी ठेवते, आणि घरातून निघताना फोन करते, तेव्हा कणीक भिजते. त्या काकूंकडे मात्र परत गेले नाही. दुसरीकडं नेते.

सावजीला अजून जागा सापडलेली नाही. शेवटच्या रात्री ठेवावं, तर पुढं रेल्वेचा प्रवास. तिसऱ्या दिवशी दुपारी ठेवावं, तर संध्याकाळ बुडते, आणि मेमध्ये बाहेर ऊन, आत रस्सा. थंडीत येणाऱ्यांना मी दुपार सांगते. मेवाल्यांना काय सांगायचं ते ठरलं की कळवीन.