रॅलीच्या शक्यतेवरून सामन्याचे भाव काढताना: माझा अनुभव

बॅडमिंटन एकेरीच्या सामन्याचा विजेता आणि गेमचा निकाल यांचे पैजेचे भाव काढण्यासाठी मी एकच आकडा पायाला धरला: खेळाडूची एक रॅली जिंकण्याची शक्यता. व्हॉलीबॉलमध्ये एक आकडा पुरत नाही, कारण तिथे पहिला हल्ला सर्व्हिस घेणाऱ्या संघाला मिळतो आणि सर्व्हिस करतानाची व घेतानाची शक्यता वेगवेगळी धरावी लागते.

समजा ही शक्यता ५२ टक्के आहे. २१ गुणांच्या गेमसाठी मी नेहमी ४० रॅली खेळल्या जातात असे मानले. त्यांपैकी २१ किंवा अधिक जिंकण्याची शक्यता ५३.९ टक्के आणि २०-२० बरोबरीची १२.१ टक्के निघाली. बरोबरीनंतर सलग दोन गुणांची आघाडी ५४ टक्के वेळा आपल्या खेळाडूची असते. ३० गुणांच्या मर्यादेमुळे त्यात नाममात्र फरक पडतो. अशा रीतीने गेम जिंकण्याची शक्यता ६०.४ टक्के होते. त्यावरून २-० ची शक्यता ३६.५, २-१ ची २८.९, १-२ ची १८.९ आणि ०-२ ची १५.७ टक्के येते. सामना जिंकण्याची शक्यता ६५.४ टक्के, म्हणजे नफा न धरता भाव १.५३, आणि २-० चा भाव २.७४.

हा हिशेब सोपा होता. खरी अडचण ५२ हा आकडा मिळवण्यात होती. एका सामन्यात साधारण ८० रॅली धरल्या, तर जिंकलेल्या रॅलींच्या टक्केवारीत निव्वळ योगायोगानेच सुमारे साडेपाच टक्क्यांचे प्रमाण विचलन असते, आणि मला तर दोन टक्क्यांचा फरक ओळखायचा होता. हे विचलन एका टक्क्यावर आणायला सुमारे २,५०० रॅली, म्हणजे तीसेक सामने लागतात, आणि तेवढ्या काळात खेळाडूचा दर्जाच बदललेला असू शकतो.

म्हणून मी ही अनिश्चितता हिशेबातच घेतली. खेळाडूची त्या दिवशीची शक्यता ५० किंवा ५४ टक्के, दोन्ही सारख्याच संभाव्य, असे धरून प्रत्येकीचे निकाल वेगळे काढले आणि मग त्यांची सरासरी घेतली. सामना जिंकण्याची शक्यता ६४.३ टक्क्यांवर उतरली, तरीही २-० ची ३७.१ पर्यंत वाढली. तिसरा गेम होण्याची शक्यता ४७.८ वरून ४५.९ वर आली आणि त्याचा भाव २.०९ ऐवजी २.१८ झाला. याचे कारण असे की पहिला गेम जिंकणारा त्या दिवशी चांगल्या लयीत असण्याचीच शक्यता अधिक असते, त्यामुळे दोन्ही गेम एकमेकांपासून पूर्णपणे स्वतंत्र राहत नाहीत.

एकाच आकड्यावर विसंबलेले गणित ओळखण्यासाठी मी जुन्या सामन्यांमध्ये तिसरा गेम किती वेळा झाला, याची तुलना त्याच्या अंदाजाशी करतो. विजेत्याचे भाव निकालांशी जुळत असूनही तिसरे गेम सातत्याने कमी होत असतील, तर ५० आणि ५४ मधले अंतर वाढवतो आणि विजेत्याचा भाव कायम राहील अशा बेताने मधला आकडा पुन्हा बसवतो.